‘सगळं’ म्हणजे नेमकं काय?

“पुढच्या महिन्यात माझी आई ६५ वर्षांची होईल. १९८२ ते १९९१ अशी नऊ वर्षं ती एका वास्तुरचनाकारांच्या कार्यालयात आरेखक होती. १९९१ मध्ये धाकटा भाऊ झाला, त्याच वर्षी आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि तिने नोकरी सोडली. मी तेव्हा सहा वर्षांची होते. तिला वाढदिवसाला पत्र लिहायचं आहे. तीन मसुदे झाले. सगळ्यांत ‘तुझा त्याग’, ‘तुझे उपकार’ हेच येतं आणि वाचताना ते मलाच विकतच्या शुभेच्छापत्रावरचं वाटतं. नोकरीविषयी लिहिलं तर तिची जुनी जखम उघडी पडेल अशी भीती वाटते. न लिहिलं तर पत्र खोटं वाटतं. तिसरा मसुदा सोबत पाठवते आहे. काय करू?”

नोकरीविषयी लिहा, आणि पत्राच्या पहिल्या चार ओळींतच लिहा. तुमच्या आईंना ती गोष्ट विसरायची असती, तर माळ्यावरच्या ट्रेसिंग कागदावरील नकाशांच्या ज्या गुंडाळीचा तुम्ही मसुद्यात ओझरता उल्लेख केला आहे, ती त्यांनी इतकी वर्षे जपली नसती आणि कोणालाही टाकू दिली नाही असेही झाले नसते. ज्या गोष्टीविषयी घरात कोणी बोलत नाही ती त्या व्यक्तीला दुखत असेलच असे आपण धरून चालतो. पण पुष्कळदा दुखत असते ते कोणी न बोलणेच.

माझ्या आईच्या साठाव्या वाढदिवसाला मी असेच एक पत्र लिहिले होते. त्यात ‘तू आमच्यासाठी सगळं सोडलंस’ असे वाक्य होते आणि ते लिहिताना माझे डोळे भरून आले होते. आईने पत्र वाचले, घडी घातली आणि शांतपणे विचारले, “सगळं म्हणजे काय गं?” त्या प्रश्नात टोमणा नव्हता, तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. लग्नाआधी ती एका प्रयोगशाळेत काम करीत असे, एवढेच मला ठाऊक होते; तेथे ती नेमके काय करायची, हे मला सांगता आले नाही. तेव्हापासून या विषयावरचे कोणतेही पत्र माझ्याकडे आले की मी तिचा तोच प्रश्न त्या पत्राला विचारते.

तुमच्या तिसऱ्या मसुद्यालाही तो विचारून पाहिला. पहिल्या पानावर त्याचे उत्तर नाही. पण त्याच कागदाच्या मागे तुम्ही पेन्सिलीने काही आठवणी टिपून ठेवल्या आहेत, बहुधा स्वतःसाठीच, आणि त्या कागदाबरोबर माझ्यापर्यंत आल्या आहेत. तुमचे खरे पत्र त्या मागच्या पानावर आहे. तेथे आजोबांच्या पलंगाशेजारच्या तक्त्याविषयी तुम्ही पाच ओळी लिहिल्या आहेत: जाड कागदावर शाईने आखलेल्या रेषा, एका रकान्यात वेळ, दुसऱ्यात ‘डावी कूस’ किंवा ‘उजवी कूस’, तिसऱ्यात कूस बदलणाऱ्याची आद्याक्षरे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शय्याव्रण होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कुशीवरून वळवावे लागते, म्हणजे दिवसरात्र मिळून बारा वेळा. तुम्ही लिहिता की हे चार वर्षे चालले आणि आद्याक्षरांचा रकाना जवळजवळ पूर्ण आईच्याच अक्षरांनी भरलेला असे. रविवारी दोनतीन ठिकाणी बाबांची अक्षरे असत.

आता याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवा. इमारतीच्या हाताने काढलेल्या नकाशाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात सहसा एक चौकट असते. तिच्यात कामाचे नाव, प्रमाण, तारीख आणि नकाशा क्रमांक लिहिलेला असतो, आणि त्याखाली दोन लहान घरे असतात: नकाशा कोणी काढला आणि कोणी तपासला. त्या पहिल्या घरात नऊ वर्षे तुमच्या आईंची आद्याक्षरे पडत होती. त्या कार्यालयातून उभ्या राहिलेल्या इमारतींवर त्यांचे नाव कोठेही नसेल, पण ज्या कागदांवरून गवंड्यांनी भिंती उचलल्या, त्या कागदांच्या कोपऱ्यात ते आहे. १९९१ नंतर तीच अक्षरे, तशीच रेखीव, पलंगाशेजारच्या तक्त्यात उतरू लागली. ‘त्याग’ हा शब्द जे कधीच सांगू शकणार नाही, ते या दोन चौकटी शेजारी ठेवल्या की कोणी न समजावता दिसते. तुमच्या पत्राचा कणा हाच असावा, असे मला वाटते.

मात्र त्याआधी त्यांनी दिले ते काय, हे स्वतःपुरते स्पष्ट करून घ्यायला हवे, कारण ‘नोकरी’ या एका शब्दात निरनिराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळून जातात. पगार गेला, तो तर सर्वांनाच दिसतो. त्याहून कमी दिसते ते पुढचे: पगाराबरोबर दर महिन्याला विचारल्याशिवाय खर्च करता येईल अशी स्वतःची रक्कम गेली, वाढत गेली असती ती म्हातारपणची पुंजी गेली, आणि कामाविषयी ज्यांच्याशी बरोबरीने बोलता येत असे ती माणसे गेली. स्त्रियांच्या अर्थार्जनाचा इतिहास अभ्यासल्याबद्दल क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी मुख्यतः अमेरिकेतल्या आकडेवारीवरून दाखवले आहे की आजच्या काळात स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतले अंतर बऱ्याच अंशी पहिल्या मुलाच्या जन्मानंतर पडू लागते. ही तूट राजीनाम्याच्या दिवशी एकदाच होऊन थांबत नाही, पुढे वर्षानुवर्षे वाढत जाते, आणि घरातल्या माणसांना नेमके हेच जाणवत नाही, कारण त्यांच्या लेखी ती घटना त्या एका दिवशीच संपलेली असते.

तुमच्या आईंच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट घडली आणि ती मला सर्वांत जिव्हारी लागणारी वाटते. त्यांनी काम सोडले तेव्हा त्यांची विद्या म्हणजे ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर आणि ठरावीक जाडीची शाईची पेने होती: बारीक परिमाणरेषेसाठी ०.२५ मिलिमीटरचे पेन, छेदातल्या भिंतीसाठी ०.५ चे. ट्रेसिंगवर रेघ चुकली तर ब्लेडच्या पात्याने शाई हलकेच खरवडायची आणि कागदाचा पोत न बिघडवता पुन्हा रेघ मारायची. ही कला हाताला येण्यासाठी वर्षे लागतात. योगायोग असा की त्या नोकरीला लागल्या त्याच १९८२ च्या डिसेंबरात ऑटोकॅड हा संगणकावर नकाशे काढण्याचा कार्यक्रम पहिल्यांदा बाजारात आला. तो सगळीकडे एकदम पोहोचला नाही. पण नव्वदच्या दशकात एकेका कार्यालयातले ड्रॉइंग बोर्ड उचलले गेले आणि त्या जागी संगणक आले. आजोबा गेले, तुमचा भाऊ शाळेत रुळला आणि आईंना परत जाण्याचा विचार करता आला असता, तोपर्यंत परत जाण्यासाठी जे कौशल्य होते त्याला कोणी विचारीनासे झाले होते. त्या बाहेर गेल्या तेव्हा दार केवळ लोटलेले होते. ते बंद झाले ते त्या घरात कामात असताना. त्यांच्या जागी राहिलेले सहकारी नोकरीत राहूनच नवे तंत्र शिकले, त्यांना ते शिकायला वेळ आणि पगार दोन्ही मिळाले असणार. हे सगळे पत्रात लिहायचे नाही. पण एक वाक्य लिहिता येईल, आणि ते लिहिणाऱ्या मुलीला काहीतरी कळले आहे हे आईच्या लगेच ध्यानात येईल.

काय लिहू नये, याविषयीही माझी ठाम मते आहेत. ‘तू आनंदाने नोकरी सोडलीस’ असे लिहू नका. तो आनंद होता की नाही हे तुम्हाला ठाऊक नाही. सहा वर्षांच्या मुलीला आई घरी राहिल्याचा झालेला आनंद आणि आईला झालेला आनंद या वेगळ्या गोष्टी आहेत. ‘तू सोडली नसतीस तर आज कुठल्या कुठे असतीस’ हेही नको. त्यात कौतुकाचा सूर असला तरी अर्थ असा निघतो की आज त्या जेथे आहेत तेथे काही नाही. आणि तुमच्या मसुद्यात तीनदा आलेले ‘हे सगळं माझ्यामुळे झालं’ तर पूर्णपणे काढून टाका. तुमची भावना खरी आहे, पण ते वाक्य वाचताच आईला पत्र बाजूला ठेवून तुमची समजूत घालावी लागेल. ‘अगं, असं काही नव्हतं’ हे वाक्य त्यांच्या तोंडून यावे अशी रचना पत्रात कोठेही दिसली, तर समजावे की पत्र त्यांना देणारे राहिलेले नाही, त्यांच्याकडून पुन्हा काही मागणारे झाले आहे.

बाबांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. त्या वर्षी नोकरी कोणी सोडावी यावर घरात चर्चा झाली असेल असे तुमच्या टिपणावरून दिसत नाही. ते गृहीतच धरलेले होते. वाढदिवसाचे पत्र हा बाबांवरचा आरोपपत्राचा कागद होऊ नये, कारण मग आईंना त्यांची बाजू सांभाळत बसावे लागेल. पण म्हणून ‘नोकरी सुटली’ असे लिहून ती जणू आपोआप हातातून निसटली असे दाखवणेही बरोबर नाही. ‘त्या वर्षी घरातल्या कोणी तुला विचारलं नाही, आणि पुढे मोठी झाल्यावर मीही विचारलं नाही’ असे लिहा. यात कोणाला पिंजऱ्यात उभे केलेले नाही, आणि काही लपवलेलेही नाही. ‘मीही’ हा शब्द मात्र गाळू नका.

एक मोह आणखी टाळायचा आहे. तुमच्या मागच्या पानावर असेही आहे की तुमच्या भूगोलाच्या वहीतले नकाशे आई आखून देत, त्यांतली अक्षरे छापल्यासारखी असत, आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्याही त्याच अक्षरात होत्या. यावरून ‘तुझी कला वाया गेली नाही, ती आमच्या घरात फुलली’ असे वाक्य सुचते, आणि ते दिसायला फार सुंदर आहे. लिहू नका. डब्यावरची चिठ्ठी म्हणजे इमारतीचा नकाशा नव्हे, आणि हे तुमच्या आईंइतके चांगले कोणालाच माहीत नाही. त्या वहीतला नकाशा तुम्हाला मिळाला, हे सांगा; त्याने त्यांची भरपाई झाली, असे सांगू नका.

तुमचाच मजकूर हाताशी घेऊन मी एक मसुदा करून पाहिला आहे. शब्द तुमचे होईपर्यंत तो बदला.

“आई, १९८२ ते १९९१ तू नकाशे काढलेस. त्यांच्या कोपऱ्यातल्या चौकटीत, काढणाऱ्याच्या घरात, तुझी अक्षरं असायची. माळ्यावरची गुंडाळी मी गेल्या महिन्यात उघडली आणि ती पहिल्यांदा नीट पाहिली. एका ठिकाणी तू शाई खरवडून रेघ पुन्हा मारली आहेस. कागद उजेडासमोर धरला तरच ते दिसतं.

“आजोबांच्या पलंगाजवळचा तक्ताही मला आठवतो. तो तू त्याच पेनाने आखला होतास. वेळ, कूस आणि अक्षरं. दर दोन तासांनी. रात्री मला जाग आली की त्या खोलीत दिवा असायचा, आणि मला वाटायचं की आया रात्री जाग्याच असतात.

“माझ्या भूगोलाच्या वहीतल्या नद्या तू आखल्यास. बाईंनी ती वही वर्गात फिरवली होती, आणि ती तू आखलीस हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आज सांगते.

“त्या वर्षी घरातल्या कोणी तुला विचारलं नाही की तुला काय हवं आहे. पुढे मोठी झाल्यावर मीही विचारलं नाही. तू घरी होतीस त्या वर्षांत तिकडे ड्रॉइंग बोर्ड जाऊन संगणक आले, आणि तुला परत जाण्याची वाट राहिली नाही, हे मला फार उशिरा कळलं.

“मला जे मिळालं ते मला ठाऊक आहे: शाळेतून आल्यावर उघडं दार, तापात कपाळावर तुझा हात, शिकायला दूर जाताना मागे घर सांभाळलं जातंय याची खात्री. मी आज ज्या टेबलाशी काम करते, तिथे जायला मला कोणी अडवलं नाही, कारण अडवू शकणाऱ्या सगळ्या गोष्टी तू आधीच स्वतःच्या अंगावर घेतल्या होत्यास.

“एक विचारायचं आहे. गुंडाळीतला सगळ्यांत खालचा नकाशा कोणत्या इमारतीचा आहे? सवडीने सांग.”

हे पत्र सुमारे दोनशे शब्दांचे आहे, आणि अडीचशेच्या पुढे ते जाऊ नये. मोठ्या पत्रात एकेक गोष्ट पातळ होत जाते. तुम्हाला कदाचित वाटेल की चार वर्षांतल्या पाळ्यांचा आकडा काढावा. मी काढून पाहिला. वर्षाला चार हजारांच्या वर जातो आणि चार वर्षांचा सतरा हजारांच्या पुढे. पण तो पत्रात घातला की बिलासारखा दिसतो. ‘दर दोन तासांनी’ हे तीन शब्द अधिक सांगतात, कारण त्यांत रात्र आहे. ‘आभारी आहे’ हा शब्दही मी मुद्दाम ठेवलेला नाही. तुम्हाला तो हवा असेल तर शेवटी एकदाच येऊ द्या.

शेवटचा प्रश्न मी ठेवला आहे तो सौजन्यापुरता नाही. ज्यांना पत्राने खूप काही दिले आहे त्यांना उत्तर काय द्यावे हे सुचत नाही, आणि मग ‘छान लिहिलंस’ एवढ्यावर विषय थांबतो. इमारतीविषयीच्या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे आहे, आणि त्याचे उत्तर घरात फक्त त्यांच्याकडेच आहे. प्रश्न मात्र एकच असावा, आणि ‘तुला पश्चात्ताप होतो का’ हा तर मुळीच नसावा. तो विचारायचाच असेल तर समोर बसून विचारावा, वाढदिवस सोडून दुसऱ्या एखाद्या दिवशी.

पत्र हाताने लिहा. त्यांनी स्वतः अक्षरावर इतकी मेहनत घेतली आहे की तुमच्या अक्षरातली मेहनत त्या वाचतील, ते वाकडे असले तरी. सर्वांसमोर वाचून दाखवू नका, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर तर टाकूच नका. तेथे आईंना सगळ्यांना शोभेल असा चेहरा करावा लागेल. आदल्या संध्याकाळी हातात द्या आणि दुसऱ्या खोलीत जा. सोबत संगणकावर नकाशे काढण्याच्या वर्गाची पावती देण्याचा जो विचार तुम्ही मांडला आहे, तो या दिवसापुरता बाजूला ठेवा. गेलेल्या गोष्टीचे नाव घेताक्षणी तिचा इलाज पुढे केला, तर नाव घेणे अर्धवट राहते. पुढे त्यांनी स्वतः विषय काढला तर वर्ग आहेतच.

लिहिताना अवघडल्यासारखे होते, हे तुम्ही दोनदा म्हटले आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये कृतज्ञतेची पत्रे लिहिणाऱ्यांना आणि ती मिळालेल्यांना वेगवेगळे विचारले होते. लिहिणाऱ्यांना वाटले होते त्यापेक्षा पत्र मिळालेल्यांना कमी अवघडल्यासारखे झाले होते आणि आनंद अधिक झाला होता. लिहिणारे आपल्या शब्दांच्या चुकांची काळजी करीत राहिले होते, वाचणाऱ्यांनी जिव्हाळा पाहिला होता. पण आपल्या प्रकरणात एक काळजी खरी आहे, आणि ती शब्दांची नाही, तथ्यांची आहे. साल चुकले, हुद्दा चुकला, किंवा तक्ता त्यांनी नव्हे तर परिचारिकेने आखलेला निघाला, तर पत्राचा पायाच हलेल, कारण या पत्राने ‘मी पाहिले आहे’ असे म्हटलेले आहे. सहा वर्षांच्या मुलीची आठवण पुष्कळदा ऐकीव गोष्टींनी भरलेली असते.

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी मावशींना एकटे गाठून फोन करा. तक्ता कोणी आखला होता, राजीनामा स्वतः नेऊन दिला होता की पाठवला होता, आणि कार्यालयातल्या शेवटच्या दिवशी आई घरी काय घेऊन आल्या होत्या, एवढे तीन प्रश्न विचारा. त्यांना जे नक्की आठवत नाही ते पत्रातून वगळा. मग माळ्यावर चढा, गुंडाळी उजेडात उलगडा आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातली अक्षरे तुम्ही म्हणता तीच आहेत ना, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्या.